राग कुठून येतो ते बघा

"घरी पैशाची चणचण नाही, मग पोरं गुन्ह्याकडे का वळतात?"

कारण ताण फक्त पैशाचा नसतो. समाजशास्त्रज्ञ मर्टनची जुनी थिअरी म्हणते, पैसा मिळवायची वाट अडली की ताण येतो आणि माणूस गुन्ह्याकडे वळतो, पण ती तिथेच थांबते. गुन्हेशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅग्न्यूने 1992 मध्ये ती रुंदावली, त्यात अपमान, मारहाण, जवळचं माणूस जाणं हेही ताण म्हणून आलं. अमेरिकेत आयोवा आणि जॉर्जियातल्या कृष्णवर्णीय मुलांचा काही वर्षं अभ्यास झाला, त्यात वंशावरून शिव्या, उगाच संशय असलं सोसलेली मुलं पुढे जास्त गुन्ह्यांकडे वळलेली दिसली, आणि मधला दुवा बऱ्याच अंशी राग होता. दोष समोरच्याचा वाटला की राग भडकतो, बदला रास्त वाटायला लागतो, नुसत्या दुःखाने तसं कमी होतं. अर्थात चिडलेला प्रत्येक जण गुन्हा करत नाही, ऐकून घेणारं कोणी आहे का यावर खूप अवलंबून असतं.