मामा, तो जंपर आधी काढा

"ई-गाडीवाल्यांनो, कंपनी हे सांगणार नाही! १) डीसी फास्ट चार्जर गाडीतल्या चार्जरला बगल देऊन कच्चा करंट थेट बॅटरीत ढकलतो. कंट्रोल कोणाचाच नसतो, दोन वर्षांत बॅटरी खलास. २) घरी २२ किलोवॅटचा एसी बॉक्स बसवा, दोन तासांत गाडी फुल. ३) चार्जरवर अर्थिंगचा लाल दिवा लागला तर घाबरू नका. गाडीतला चार्जर करंट आयसोलेट करतो. सॉकेटमध्ये न्यूट्रलवरून अर्थला वायरच्या तुकड्याचा छोटा जंपर मारा, काम होतं. ४) घरच्या चार्जिंगमध्ये वीज वाया जाते, मीटर जास्त पळतं. सर्व ग्रुपवर पाठवा."

हा फॉरवर्ड, आणि त्याखाली साताऱ्याहून मामांची ओळ: "तीन नंबरचं आज वायरमनकडून करून घेतलं. लाल दिवा गेला. बरोबर आहे ना रे?"

नाही मामा. फोन करून आधी त्या सॉकेटचा एमसीबी पाडायला सांगितला, गाडीला हात न लावता. शनिवारी स्वतः गेलो. म्हणून सुरुवात तिसऱ्यापासून. बाकीचे मुद्दे खरे-खोटे काही असोत, त्यांनी कोणी मरत नाही. याने मरतं.

गाडीतला चार्जर आयसोलेट करतो हे खरं आहे, आणि सगळा घोळ त्या अर्ध्या खऱ्यावरच उभा आहे. आपण केबलवर लोंबणाऱ्या डब्याला चार्जर म्हणतो, पण तो चार्जर नव्हे. तो शहाणा स्विच आहे. खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. भिंतीतून आलेला २३० व्होल्टचा एसी तिथे आधी एका फिल्टरमधून जातो. मग त्याचा डीसी होतो आणि तो ४०० व्होल्टच्या आसपास चढवला जातो. हा डीसी पुन्हा सेकंदाला लाखभर वेळा उलटसुलट करून एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून नेतात, पलीकडे परत डीसी करतात आणि बॅटरीला हवा तेवढाच देतात. ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजू तारेने जोडलेल्या नसतात, म्हणून बॅटरी घरच्या लाइनपासून अलग राहते. आयसोलेशन म्हणतात ते एवढंच.

आता नीट बघा. अलग होते ती बॅटरी. सॉकेटपासून त्या ट्रान्सफॉर्मरपर्यंतचा सगळा भाग, म्हणजे केबल, गाडीचं तोंड, आतल्या वायरी, फिल्टर, हे सगळं घरच्या लाइनवरच असतं. आणि गाडीची बॉडी अर्थच्या पिनला थेट जोडलेली असते. फिल्टरमध्ये तर फेजवरून बॉडीला आणि न्यूट्रलवरून बॉडीला मुद्दाम छोटे कपॅसिटर लावलेले असतात. त्यांतून झिरपणारा थोडासा करंट अर्थने जमिनीत जावा, अशीच ती रचना आहे. अर्थ नसेल तर बॉडी मधल्या मध्ये, शंभर-सव्वाशे व्होल्टवर तरंगत राहते. दोन पिनांच्या प्लगवर लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हात फिरवला की जी झिणझिण येते ना, तीच ही गोष्ट, फक्त मोठ्या मापाची. आणि कुठे फेजची वायर सोलवटून बॉडीला टेकली तर झिणझिणीवर भागत नाही.

अर्थ सापडत नाही म्हणूनच तो डबा लाल दिवा लावून वीज सोडत नव्हता. जंपर मारून वायरमनने अर्थ दिला नाही, डब्याच्या डोळ्यांत धूळ फेकली. डब्याला अर्थच्या जागी न्यूट्रल दिसला, तो फसला.

मग बिघडतं कुठे? दोन ठिकाणी. एक, न्यूट्रल कुठेतरी तुटला किंवा मीटरच्या टर्मिनलवर सैल झाला की घरातला फ्रिज, पंखा, दिवा यांच्यातून फेज त्या तुटक्या न्यूट्रलवर येतो. एरवी तुम्ही एवढंच म्हणता, "लाइट गेले." जंपर असेल तर तोच न्यूट्रल तुमच्या गाडीच्या बॉडीवर बसलेला असतो. दुसरं त्याहून साधं आहे. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असले, तर वायरमन न्यूट्रल समजून फेजच अर्थच्या पिनला जोडतो, आणि गाडीवर पहिल्या मिनिटापासून पूर्ण २३० व्होल्ट. फ्यूज उडणार नाही, एमसीबी पडणार नाही, कारण गाडी रबराच्या टायरांवर उभी आहे आणि करंटला जायला वाटच नाही. ती वाट नंतर मिळते, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कोणी दार उघडलं की.

हे माझं मत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षेच्या नियमांत २०१९ साली इलेक्ट्रिक वाहनांच्या चार्जिंगची भर घातली, त्यात स्पष्ट लिहिलंय की गाडीपर्यंतचा अर्थ निकामी झाला तर पुरवठा तोडणारी, अर्थवर सतत नजर ठेवणारी व्यवस्था हवी. तुमचा लाल दिवा म्हणजे तीच व्यवस्था. एक्स्टेंशन बोर्डासारख्या हलत्या सॉकेटवरून चार्जिंग करायलाही त्याच नियमांत मनाई आहे, हे जाता जाता, कारण मामांकडे तोही बेत शिजत होता.

शनिवारी मेन स्विच पाडून सॉकेट उघडला. हिरवी वायर बोर्डापर्यंत आली होती खरी, पण टोकाला काळी टेप गुंडाळून कोपऱ्यात कोंबलेली. न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला दोन इंचांची काळी वायर. नशीब एवढंच की या सॉकेटमध्ये न्यूट्रल डावीकडे, म्हणजे बरोबर जागी होता. ओसरीतल्या दुसऱ्या सॉकेटमध्ये तिथे फेज निघाला. वायरमन तोच. जंपर तिथे मारला असता तर मी आज लेख लिहीत बसलो नसतो.

उपाय कंटाळवाणा आहे. मागच्या अंगणात नवा अर्थिंगचा खड्डा, मीटरपासून सॉकेटपर्यंत ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वेगळी लाइन, तिला स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की लाइन तोडणारा स्विच. शेवटी अर्थ टेस्टरने मोजून घेतलं. नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका, कच्च्या अर्थवरही तो फेजसमोर छान २३० दाखवतो, कारण त्याला करंट जवळपास लागतच नाही. डब्याचा लाल दिवा आपोआप गेला.

दुसरा मुद्दा भाबडा आहे. एसीवर गाडी किती वेगाने भरेल हे भिंतीवरचा बॉक्स ठरवत नाही. बॉक्स एका बारीक वायरवरून गाडीला फक्त एवढंच कळवतो की "माझ्याकडून ३२ अँपिअरपर्यंत घे." किती घ्यायचं ते गाडीतला चार्जर त्याच्या ऐपतीप्रमाणे ठरवतो. मामांची नेक्सॉन ईव्ही मॅक्स, बॅटरी ४०.५ युनिटांची, आतला चार्जर ७.२ किलोवॅटचा, सिंगल फेज. २२ किलोवॅटचा बॉक्स म्हणजे तीन फेज, प्रत्येकी ३२ अँपिअर. यांतली एकच फेज मामांची गाडी वापरणार, उरलेल्या दोन शोभेला. २० टक्क्यांवरून पूर्ण भरायला बॅटरीत साडेबत्तीस युनिटांच्या आसपास जायला हवीत. घट धरून साडेसहा किलोवॅट आत पोहोचतात, म्हणजे पाच तास. बॉक्स ७ चा लावा नाहीतर २२ चा, पाच तासच. आत्ताच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर तेच अकरा तास होतात, आणि रात्रभर गाडी उभीच असते. ज्या गाडीत थ्री फेजचा ११ किंवा २२ किलोवॅटचा चार्जर आहे तिला असा बॉक्स उपयोगी पडेल, तेवढं मान्य. फ्रान्समधल्या रेनॉ झोईच्या सुरुवातीच्या एका आवृत्तीत तर मोटरचीच वेटोळी वापरून ४३ किलोवॅट एसी घ्यायची सोय होती. पण ती गाडी साताऱ्यात नाही. मामांनी बॉक्ससाठी वीज कंपनीकडे मंजूर भार वाढवायचा अर्ज लिहून ठेवला होता, तो फाडला.

पहिल्या मुद्द्यातला "कच्चा करंट" हा शब्द कोणी शोधला त्याला नमस्कार. बॅटरी डीसीच घेते, घरीही आणि हायवेवरही. फरक इतकाच की एसीचं डीसी करायचं काम घरी गाडीच्या पोटात होतं आणि हायवेवर त्या कपाटाएवढ्या खोक्यात. ५०-६० किलोवॅटचं यंत्र त्याच्या थंडाव्यासकट गाडीत घेऊन हिंडायला ना जागा आहे ना गरज. गाडीतल्या चार्जरला बगल मिळते हे खरं, पण कंट्रोल सुटत नाही. फास्ट चार्जरची सीसीएस-२ पद्धतीची गन गाडीला लावली की ती आधी लॉक होते. मग गाडी आणि खोकं बोलू लागतात, माझी कमाल व्होल्टेज एवढी, कमाल करंट एवढा. खोकं केबलचं इन्सुलेशन तपासतं, आपलं व्होल्टेज बॅटरीच्या बरोबरीला आणतं, आणि मगच गाडी आपले कॉन्टॅक्टर, म्हणजे बॅटरीचे मोठे स्विच, जोडते. तो "टक्" आवाज गाडीत बसून ऐकू येतो. त्यानंतर किती करंट हवा हे गाडीतली बॅटरीची यंत्रणा सतत सांगत राहते. निरोप थांबला की खोकं बंद. पडद्यावरचा किलोवॅटचा आकडा बघत उभे राहा. बॅटरी ८० टक्क्यांपुढे गेली की तो घसरतो. खोकं थकलेलं नसतं, गाडीने मागणी कमी केलेली असते.

आता नाइलाजाने एक कबुली. रोज फक्त फास्ट चार्जिंग केलं तर बॅटरी लवकर म्हातारी होते. कारण डीसी नव्हे, कारण जोर आणि उष्णता. घरच्या सॉकेटवर ४० युनिटांच्या बॅटरीत ३ किलोवॅट जातात, ही चालण्याची गती झाली. ५० किलोवॅट म्हणजे धावणं. तापलेल्या किंवा जवळपास भरलेल्या बॅटरीला पळवलं की झीज वाढते, म्हणूनच गाडी मागणी कमी करते. पुण्याला जाता-येता महिन्यातून दोनदा डीसी लावणाऱ्या मामांनी याची धास्ती घ्यायचं कारण नाही. "दोन वर्षांत खलास" ही थाप आहे.

चौथा मुद्दा बरोबर आहे, घ्या. बॅटरीत साडेबत्तीस युनिटं पोचवायला मीटरवर ३६ च्या आसपास पडतात. उरलेली गाडीतल्या चार्जरच्या उष्णतेत आणि चार्जिंगभर जाग्या असणाऱ्या गाडीच्या यंत्रणेत जातात. हायवेवरचं खोकंही तापतंच, तिथली घट दरात धरलेली असते.

जंपर मी खिशात घालून आणला. वायरमनने त्याचे दीडशे रुपये घेतले होते. मामांच्या गल्लीत अजून दोन ई-गाड्या आहेत, आणि दोन्ही घरी फॉरवर्ड मामांनीच पाठवला होता. संध्याकाळी ते दोन्हीकडे जाऊन सॉकेट उघडायला लावणार आहेत.