हॅमस्ट्रिंग पुल झाल्यावर कॅलेंडर बघून पोरांना पळवू नका

"मांडीची मागची शीर ओढली गेली तर टेन्शन नको. २१ दिवस फुल रेस्ट, पाय हलवायचा नाही. रोज गरम शेक आणि जोरात स्ट्रेचिंग. २१ दिवसांनी जॉगिंग करून बघा, दुखलं नाही म्हणजे बरा झाला, त्याच दिवसापासून फुल स्प्रिंट चालू. सर्व कोचपर्यंत पोचवा."

महिन्याभरात हा मेसेज मला चार ग्रुपवर आलाय आणि दोन पालकांनी तो दाखवून विचारलं पण, की सर तुम्ही एवढा वेळ का लावताय. मी शाळेतल्या आणि ज्युनियर कॉलेजच्या पोरांना स्प्रिंट शिकवतो, मातीचा ट्रॅक आहे, फिजिओ नाही, मशीन नाही. म्हणून खाली जे लिहितोय ते स्टॉपवॉच, टेप, एक बाकडं आणि मोबाइल एवढ्यावर होतं.

आधी जे मेसेजमध्ये नाहीच ते सांगतो कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. १३ ते १८ वयाच्या पोरांमध्ये हॅमस्ट्रिंग जिथून निघते ते बसायचं हाड, म्हणजे कुल्ल्याखाली बाकड्याला टेकतं ते, अजून पूर्ण जुळलेलं नसतं. मोठ्या माणसाचा स्नायू फाटतो तिथे पोराच्या हाडाचा तुकडाच ओढून निघू शकतो. पोरगं सांगतं की "कट" असा आवाज आला, दुखणं मांडीच्या मध्यात नाही तर एकदम वर कुल्ल्याखाली, आणि कडक बाकावर बसवत नाही. असं असेल तर एक्स-रे आधी, बाकी सगळं नंतर. चार पावलं चालता येत नसतील, मोठा काळानिळा डाग उतरला असेल किंवा हाताला खड्डा लागत असेल तरी सरळ ऑर्थोपेडिककडे. डॉक्टरांनी हाड ठीक आहे, स्नायूच ताणलाय असं सांगितलं की मगच पुढचं वाचायचं.

आता विश्रांतीचं. पहिले दोन-तीन दिवस पळणं, उड्या बंद हे बरोबरच आहे, पण तीन आठवडे पाय ठेवून द्यायचा हे चूक आहे. २०१७ साली डेन्मार्कमध्ये मांडी आणि पोटरीचा स्नायू फाटलेल्या ५० हौशी खेळाडूंवर एक अभ्यास झाला, अर्ध्यांनी दुखापतीनंतर दोन दिवसांनी हलका व्यायाम सुरू केला आणि अर्ध्यांनी नऊ दिवसांनी. फरक फक्त एका आठवड्याचा, पण लवकर सुरू करणारे खेळात साधारण तीन आठवडे आधी परतले. स्नायूवर माफक लोड आला की भरून येणारा भाग त्या ओढीच्या दिशेने बांधला जातो, आणि नुसता पडून राहिला तर चांगला भागही कमजोर होतो. हलका व्यायाम म्हणजे काय, तर पाठीवर झोपून टाच जमिनीत रुतवून दहा सेकंद धरायची, दोन पायांवर ब्रिज, आणि लंगडणं थांबेपर्यंत छोट्या पावलांनी चालणं. दुखणं दहापैकी तीनपर्यंत गेलं तर चालतं, पण व्यायाम संपल्यावर ते उतरलं पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त नको. ही सकाळची तपासणी मी शेवटच्या दिवसापर्यंत सोडत नाही. एक गोष्ट मात्र पक्की, पेनकिलर घेऊन कुठलीही चाचणी करायची नाही, नाहीतर आपण गोळीची चाचणी करतोय.

शेक आणि जोरात स्ट्रेचिंगवर फार लिहीत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत आत रक्त उतरलेलं असताना गरम शेक आणि रगडून मालिश नको. आणि पार्टनरकडून पाय डोक्याकडे ढकलून घेणं म्हणजे जिथे जोडलं जातंय तिथेच परत ओढायचं. लांबी परत आणायचीच आहे पण ती पोराने स्वतःच्या ताकदीवर आणायची. स्वीडनमध्ये स्प्रिंटर आणि जंपर्सवर २०१४ मध्ये जो अभ्यास छापून आला त्यात स्नायू लांब असताना काम करायला लावणारे व्यायाम केलेल्यांना परतायला सरासरी ४९ दिवस लागले आणि नेहमीचे व्यायाम केलेल्यांना ८६. टॉप लेव्हलचे खेळाडू, चांगला प्रोग्रॅम, तरी सात आठवडे! आणि ही सरासरी आहे, कुणी बरंच आधी सुटतो, कुणी बरंच नंतर. म्हणून २१ काय आणि ४९ काय, आकडा बघून पोराला ट्रॅकवर सोडता येत नाही.

खरा धोका "जॉगिंगला दुखलं नाही म्हणजे बरा" यात आहे. स्प्रिंट करताना हॅमस्ट्रिंग फाटते ती बहुतेक वेळा पाय जमिनीला टेकायच्या जरा आधी. गुडघा पुढे झपकन सरळ होत असतो आणि नडगीला ब्रेक लावायचं काम हॅमस्ट्रिंग करते, तेही ती सगळ्यात जास्त लांबलेली असताना. जॉगिंगमध्ये पाऊलच एवढं छोटं असतं की तो ब्रेक जवळजवळ लागतच नाही, मग दुखणार कसं. आणि ८० टक्के वेगावरून १०० वर जाताना वेग वाढतो चौथाईने, पण ब्रेकचं काम त्याच्या कितीतरी जास्त पटीने वाढतं. माझ्याकडचा एक मुलगा काही वर्षांपूर्वी असाच जॉगिंगला छान होता, मी दिवस मोजून त्याला हीटमध्ये उतरवलं आणि ४० मीटरवर तो तीच मांडी धरून खाली बसला. चूक माझी होती, त्यानंतर हे सगळं मी वहीत लिहून करायला लागलो.

यंदाची केस सांगतो. १६ वर्षांची मुलगी, २०० मीटरवाली, उजव्या मांडीला मागे बाहेरच्या बाजूला मध्यावर दुखापत, हाड ठीक. तिसऱ्या दिवशी बोटाने दाबून दुखणारी पट्टी टेपने मोजली, ९ सेंटिमीटर. सहाव्या दिवशी लंगडणं गेलं. अकराव्या दिवशी पंधरा मिनिटं झपाझप चालली, काही झालं नाही म्हणून जॉगिंग दिलं. एकविसाव्या दिवशी जॉगिंग एकदम मस्त, पट्टी दाबली तरी जेमतेम ३ सेंटिमीटर, आई म्हणाली सर आता पळू द्या. त्याच दिवशी बाकड्यावर ब्रिज घेतला: पाठीवर झोपायचं, एक टाच गुडघ्याएवढ्या उंच बाकड्यावर, गुडघा थोडासा वाकलेला, दुसरा पाय हवेत स्थिर, कंबर वर-खाली, कंबर पूर्ण वर जाईना झाली की मोजणी बंद. डावा २४, उजवा १५. मग मांडी उभी धरून गुडघा सरळ करायला लावला, मोबाइलचं लेव्हल ॲप नडगीवर ठेवलं, उजवा १२ अंश कमी. जॉगिंगमध्ये यातलं काहीच दिसत नव्हतं. आईला दोन्ही आकडे दाखवले तेव्हा तिला पटलं.

माझा नियम असा आहे की जॉगिंगच्या पुढे ६०-७० टक्क्यांपर्यंत स्ट्राइड्स चालतात, पण ८० वर जायला तीन गोष्टी एकत्र जमल्या पाहिजेत. दाबून कुठेच दुखत नाही, ब्रिज दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के, आणि गुडघ्याचा फरक जवळपास गेलेला. यातल्या दोन झाल्या एक राहिली तर थांबायचं.

आता "८० टक्के" म्हणजे काय यावर बोलायलाच पाहिजे, कारण इथे निम्मे कोच फसतात. पोरांना तोंडी "८० ने पळ" सांगितलं तर ती ९० च्या पुढे जातात, त्यांना स्वतःला कळतही नाही. म्हणून सेकंदात सांगायचं. या मुलीचा दुखापतीआधीचा फ्लाइंग ३०, म्हणजे आधीच वेग घेऊन आल्यावर पळलेल्या ३० मीटरचा टाइम, वहीत होता, ३.६ सेकंद. ३.६ ला ०.६ ने भागलं की ६.० सेकंद, हा तिचा ६० टक्के वेग. ०.८ ने भागलं की ४.५, ०.९ ने भागलं की ४.०. खुणेचे दोन कोन ३० मीटर अंतरावर, मागे ४० मीटर हळूहळू वेग घ्यायला, आणि पुढे थांबायला भरपूर जागा, कारण एकदम ब्रेक मारून थांबण्यातही हॅमस्ट्रिंगला झटका बसतो. मोबाइलवर शूट करून टाइम काढला तर हाताच्या स्टॉपवॉचपेक्षा बरं. आधीचा टाइम नोंदलेला नसेल तर टक्के काढताच येत नाहीत, म्हणून सीझनच्या सुरुवातीला प्रत्येक पोराचा फ्लाइंग ३० घेऊन ठेवा.

तिला ६.० चे सहा रन दिले, मध्ये पूर्ण चालत परत. दुसऱ्या दिवशी सकाळी काही नाही. मग एक दिवस सोडून ५.१, म्हणजे ७० टक्के. वेगाच्या दोन सेशनमध्ये ४८ तास ठेवतोच. तिसाव्या दिवशी तिन्ही चाचण्या पास झाल्या म्हणून ४.५ दिलं, रन छान झाले, पण सकाळी आवळल्यासारखं आणि दाबून २ सेंटिमीटर दुखायला लागलं. तिला घाबरायला झालं, रडली पण. इथे सगळं पहिल्यापासून करायची गरज नसते, एक पायरी मागे. दोन दिवस वेग बंद, मग परत ५.१, ते सकाळी स्वच्छ राहिलं तेव्हा परत ४.५.

फुल स्पीडच्या दारावर अजून एक चाचणी आहे, तीही स्वीडनमधूनच आलेली, आणि ती बाकी सगळं क्लिअर झाल्यावरच करायची. पाठीवर झोपवायचं, दुखऱ्या पायाचा गुडघा पट्ट्याने सरळ बांधायचा, दुसरा पाय कुणीतरी जमिनीला धरून ठेवायचा, आणि सरळ पाय जमेल तितक्या जोरात वर उडवायचा, तीनदा. दुखलं का एवढंच विचारू नका, भीती वाटली का, पाय मध्येच आखडता घेतला का हेही विचारा. पोरं टीममधून नाव जाईल म्हणून "नाही सर" म्हणतात, तेव्हा चेहरा बघा, आणि उजवा पाय डाव्याएवढा वर जातोय का ते बघा. तिचा पहिल्यांदा वरच्या टोकाला थबकला. मी फुल स्पीड एक आठवडा पुढे ढकललं आणि तोवर ४.० वरच ठेवलं.

आणि "त्याच दिवसापासून फुल स्प्रिंट" यात एकाच दिवशी चार गोष्टी बदलतात: वेग, स्पाइक्स, ब्लॉक आणि बेंड. एका वेळी एकच बदलायची. तिने आधी साध्या शूजवर सरळ ट्रॅकवर ३.८ काढला, मग ३.७, दोन वेगवेगळ्या सेशनमध्ये. मग तेच स्पाइक्स घालून. मग बेंड, आधी ९० टक्क्यांनी. ब्लॉक सगळ्यात शेवटी. ५२ व्या दिवशी ती ग्रुपबरोबर पूर्ण सेशनला आली, आणि रेस मी त्यानंतर पूर्ण ट्रेनिंगचे दोन आठवडे काढूनच दिली, कारण परत फाटायचा धोका सुरुवातीच्या त्या काही आठवड्यांतच सगळ्यात जास्त असतो.

बाकड्यावरचा ब्रिज अजून चालू आहे, आठवड्यातून दोनदा, दोन्ही पाय. परवा डावा २६, उजवा २५.