फेनॉक्सिएथॅनॉलच्या खालचं सगळं 'धूळ' नसतं

"लोशन घेताना हे बघा. बाटलीवरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. फेनॉक्सिएथॅनॉल या प्रिझर्व्हेटिव्हच्या वर जे आहे ते १ टक्क्याहून जास्त, खाली आहे ती नुसती धूळ, वाचायची गरज नाही. पहिलं नाव पाणी असेल तर पैसे पाण्यात गेले समजा."

आमच्या फॅमिली ग्रुपवर हे तीनदा फिरलं तेव्हा मी गप्प बसले. पण फोंड्याच्या वहिनीने याच हिशोबाने चवथीच्या आधी एक खोबरेलवालं बॉडी लोशन घेतलं, आणि चवथीला मोदक वळायच्या वेळी तिच्या दोन्ही हातांवर पुरळ, बोटांच्या बेचक्यात चिरा. म्हणून आता लिहिते.

बाटलीवरची यादी अशी होती: पाणी, ग्लिसरिन, सिटेअरिल अल्कोहोल, कॅप्रिलिक ट्रायग्लिसराइड, डायमेथिकोन, कार्बोमर, खोबरेल, फेनॉक्सिएथॅनॉल, परफ्यूम आणि अगदी शेवटी मिथाइलआयसोथायझोलिनोन. वहिनीने मेसेजप्रमाणे वाचलं, खोबरेल वर आहे म्हणजे भरपूर आहे, आणि ते शेवटचं लांबलचक नाव धूळ.

दोन्ही चूक.

शेवटच्या नावापासून सुरू करते कारण त्रास त्याने दिला. हेही प्रिझर्व्हेटिव्ह आहे, लोशनमध्ये बुरशी-जंतू वाढू नयेत म्हणून घालतात आणि लागतं अगदी थोडं. युरोपात पूर्वी याची मर्यादा ०.०१ टक्का होती, म्हणजे २०० ग्रॅमच्या बाटलीत २० मिलिग्रॅम. तेवढ्यानेही इतक्या लोकांना ॲलर्जी व्हायला लागली की २०१७ पासून तिथे अंगावर राहणाऱ्या क्रीम-लोशनमध्ये त्याच्यावर बंदीच आली, आणि धुऊन टाकायच्या शाम्पू-हँडवॉशमध्ये फक्त ०.००१५ टक्का चालतं. धूळ म्हणून सोडून द्यायचं ते हे? आणि वहिनीची तर चार वर्षांपूर्वी पॅच टेस्ट झालीय, पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवसांनी काढल्या होत्या, रिपोर्टमध्ये हेच नाव आलं होतं. ॲलर्जी एकदा बसली की मग किती टक्के याला फारसा अर्थ उरत नाही, नाव यादीत आहे की नाही एवढंच बघायचं. डॉक्टरांनी तिला हेच सांगितलं होतं, आणि एका फॉरवर्डने ते पुसून टाकलं याचा मला खरंच राग आलाय.

आता खोबरेल. आपल्याकडचे कॉस्मेटिक्स रूल्स २०२० काय म्हणतात ते नीट वाचा: १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे, आणि १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर, कुठल्याही क्रमाने. मेसेजवाल्याने हा दुसरा अर्धा भाग गाळला. ती १ टक्क्याची रेघ यादीत छापलेली नसते, आपल्याला अंदाज घ्यावा लागतो, आणि फेनॉक्सिएथॅनॉल त्यासाठी एकाच बाजूने उपयोगी आहे. युरोपात त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे, तेवढी पाळली असेल तर त्याच्या खालचं काहीच १ टक्क्याच्या वर असू शकत नाही. हा भाग बरोबर, मान्य करते. पण त्याच्या वरचं १ टक्क्याहून जास्तच असेल असं यातून निघत नाही, कारण रेघ त्याच्या बरीच आधीही येऊन गेलेली असू शकते.

या बाटलीत तसंच झालंय, आणि ते कार्बोमरवरून कळतं. कार्बोमर म्हणजे लोशन दाट करणारी पावडर, साधारण ०.१ ते ०.५ टक्का घालतात, जास्त घातली तर लोशन ओतताच येणार नाही. म्हणजे कार्बोमर आलं तिथे रेघ ओलांडलेली आहे आणि त्याच्यापुढची नावं कंपनी हवी तशी मांडू शकते. खोबरेल कार्बोमरच्या नंतर आहे, मग ते १ टक्का किंवा कमीच. २०० ग्रॅमच्या बाटलीत जास्तीत जास्त २ ग्रॅम, चहाचा अर्धा चमचासुद्धा नाही, आणि पुढे चित्र अख्ख्या नारळाचं. फेनॉक्सिएथॅनॉलच्या आधी नाव लिहून ते जास्त वाटायला लावणं नियमात बसतं, म्हणूनच मेसेजमधली युक्ती इथे फसली. कार्बोमर नसेल तर झँथन गम किंवा डायसोडियम ईडीटीए शोधा, लोशनमध्ये तेही बहुतेक वेळा रेघेखालीच असतात.

पाण्याबद्दल एवढंच की लोशन म्हणजे पाणी आणि तेल एकत्र धरून ठेवलेलं मिश्रण, त्यात निम्म्याहून जास्त पाणी असणं नेहमीचंच आहे. पाणी नको असेल तर घाण्यावरचं खोबरेल घ्या, ते लोशन नव्हे.

आणि रेघेखालचं सगळं निकामी असंही नाही. सोडियम हायलुरोनेट १ टक्क्यालाच पाण्याचं जेल करून टाकतं, ते खाली दिसलं तर ठीक आहे. नायसिनामाइड मात्र साधारण २ ते ५ टक्के लागतं, पुढे मोठ्या अक्षरात तेच छापलंय आणि यादीत ते कार्बोमरच्या खाली आहे, तर ती बाटली ठेवून द्या.

वहिनीने आता रिपोर्टचा फोटो फोनमध्ये ठेवलाय. दुकानात यादी आधी शेवटाकडून वर वाचते, नाव जुळवते, आणि ते नसेल तरच वरून खाली खोबरेल किती ते बघते.