‘टसर सांगून आर्ट सिल्क दिले’ या अभिप्रायास आमचे उत्तर

अभिप्राय : ‘टसर म्हणून घेतलेल्या साडीचा धागा घरी जाळून पाहिला, तर प्लास्टिकसारखा वितळून कडक गोळी झाली. साडीला झळाळी नाही, हाताला खरखरीत लागते. माझ्या जुन्या सिल्कच्या साडीची सर नाही. चक्क आर्ट सिल्क गळ्यात मारले.’

आदरणीय ताई,

आपल्याला मनस्ताप झाला, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मात्र ‘गळ्यात मारले’ हे शब्द फार लागले, कारण आपण जो धागा जाळला तो साडीच्या विणीतला नव्हताच. आपण जोडलेल्या छायाचित्रात पदराचा एक गोंडा कापलेला स्पष्ट दिसतो. या साडीचे गोंडे ती मागावरून उतरल्यावर वेगळ्या धाग्याने बांधलेले आहेत, आणि तो धागा पॉलिस्टरचा आहे. पॉलिस्टर वितळणारच, थेंब गळणारच आणि थंड झाल्यावर बोटांनी न फुटणारी गोळी राहणारच. आपली चाचणी चोख झाली. ती फक्त गोंड्याची झाली.

साडीची परीक्षा करायची तर धागा विणीतून काढावा लागतो, आणि तोही एक नव्हे, दोन. पदराच्या कापलेल्या कडेतून एक उभा आणि एक आडवा धागा सुईने अलगद ओढून घ्यावा, कारण ताणा रेशमाचा आणि बाणा व्हिस्कोसचा अशीही वीण बाजारात असते आणि एकाच धाग्यावर विसंबणारा तिथे फसतो. जरीचा धागा घेऊ नये. धागा चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून, ज्योतीच्या कडेला न्यावा. रेशीम कुरकुरत मागे सरते, केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत दूर केली की बहुधा आपोआप विझते आणि उरलेला काळा मणी चिमटीत भुगा होतो. व्हिस्कोस मात्र कागदासारखे भरभर जळते, वासही कागदाचाच येतो आणि मागे मऊ, करडी राख राहते. आर्ट सिल्क या एकाच नावाखाली व्हिस्कोस आणि पॉलिस्टर दोन्ही विकली जातात, म्हणून ‘वितळले नाही, म्हणजे रेशीम’ असाही निष्कर्ष काढू नये.

आग नको असेल, तर हाच धागा मधोमध ओला करून दोन्ही हातांनी ताणावा. व्हिस्कोसची ताकद ओले झाल्यावर जवळपास निम्म्यावर येते, त्यामुळे तो नेमका ओल्या जागी पटकन तुटतो. रेशीम बऱ्यापैकी तग धरते. पॉलिस्टरला पाण्याने काहीच होत नाही, म्हणून ते या परीक्षेत पकडले जात नाही. अंगठीतून साडी ओढून पाहण्याचा प्रकार तर सोडूनच द्यावा. तलम कृत्रिम कापडही अंगठीतून सहज जाते आणि जाडसर टसर अडते.

आता आपला खरा आक्षेप, झळाळी आणि खरखरीचा. आपली जुनी साडी तुतीच्या रेशमाची असावी. तो किडा घरात तुतीच्या पानांवर पोसलेला असतो आणि त्याचा तंतू बारीक, एकसारखा असतो. या तंतूचा छेद साधारण त्रिकोणी असल्यामुळे प्रकाश त्यावरून लख्ख परततो आणि कापड हातातून घसरते. टसरचा किडा ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतो. त्याचा तंतू जाडसर, चपटा आणि मुळातच मधाच्या रंगाचा असतो, म्हणून त्याची चमक मंद असते. त्यातही आपल्या साडीचा बाणा घिच्चाचा आहे, म्हणजे कोषांतून सलग तार न काढता हाताने ओढलेल्या, जवळजवळ पीळ नसलेल्या सुताचा. त्यामुळे धागा मध्येच जाड, मध्येच बारीक होतो. आपल्याला बोटाला लागलेली खरखर ती हीच, आणि साडी निवडतेवेळी आपण तिच्याच पोताचे कौतुक केले होते, हे नाइलाजाने नमूद करावे लागते.

जळण्याच्या चाचणीत तुती आणि टसर दोन्ही सारखीच वागतात, त्यामुळे या दोहोंतला फरक डोळ्यांनी आणि हातानेच ओळखावा लागतो. कापड खिडकीजवळ तिरपे धरून हलवावे. खऱ्या रेशमाची चमक कोनाप्रमाणे सरकते, तर स्वस्त आर्ट सिल्क बहुतेक कोनांतून सारखेच पांढरट चकाकते. टसरमध्ये आडव्या, अनियमित गाठी दिसतात. त्या ठरावीक अंतरावर पुन्हापुन्हा येत असतील, तर मात्र शंका घ्यावी, कारण टसरची नक्कल करणाऱ्या यंत्राच्या सुतात जाडेभरडेपणा मुद्दाम घातलेला असू शकतो.

गोंडे कशाचे आहेत हे यापुढे ग्राहकांना सांगण्याची काहीतरी व्यवस्था आम्ही करू. आपण साडी घेऊन या. उभा आणि आडवा धागा आपणच निवडा आणि आपल्याच हाताने जाळा. त्यातला एक जरी वितळला किंवा कागदासारखा जळाला, तरी पूर्ण रक्कम परत मिळेल. दोन्ही रेशमाचे निघाले, तर हा अभिप्राय दुरुस्त करावा, एवढीच नम्र विनंती. निकाल काहीही लागला तरी कापलेला गोंडा आम्ही विनामूल्य बांधून देऊ.