चिन्ह न बघता उचललेली आयगेनव्हॅल्यू

“द्विघाती राशीचा एकक गोलावरचा मॅक्सिमम? सोपंय भावांनो. राशी मॅट्रिक्समध्ये कशीही लिहा, आयगेनव्हॅल्यू काढा, चिन्ह न बघता सगळ्यात मोठी उचला, झालं उत्तर. आणि ते एकाच ठिकाणी मिळतं, तिच्या आयगेनव्हेक्टरवर.”

गेल्या महिन्यात रंकाळ्याच्या कट्ट्यावर एमएस्सीच्या एका पोरानं मला हा मेसेज दाखवला. “सर, सगळ्या ग्रुपवर फिरतोय, पण माझं उत्तर चुकलं.” त्याचं चुकलं ते मेसेजप्रमाणे केलं म्हणूनच.

“कशीही लिहा” इथूनच घोळ सुरू होतो. `x² + 4xy + y²` घ्या. `4xy` चे चारही वरच्या कोपऱ्यात टाकले तर मॅट्रिक्स होते `[[1, 4], [0, 1]]`, आणि तिच्या दोन्ही आयगेनव्हॅल्यू 1. आता `x = y = 1/√2` ठेवून बघा: अर्धा अधिक दोन अधिक अर्धा, म्हणजे 3. मॅक्सिमम 1 असता तर हे 3 आले कुठून?

`4xy` दोन्ही कोपऱ्यांत निम्मं-निम्मं वाटायचं. `[[1, 2], [2, 1]]` च्या आयगेनव्हॅल्यू 3 आणि −1 येतात, आणि 3 हेच खरं उत्तर. सममित मॅट्रिक्सचा हट्ट धरायचं कारण असं, की तिचे आयगेनव्हेक्टर एकमेकांना लंब आणि एकक लांबीचे निवडता येतात. मग कुठलाही `x` त्यांच्यात मोडला की राशी होते `λ₁c₁² + λ₂c₂² + …`, आणि गोलावर `c₁² + c₂² + …` ची बेरीज 1 असते. म्हणजे राशीची किंमत ही आयगेनव्हॅल्यूंची भारित सरासरी, आणि सरासरी सगळ्यात मोठ्या आकड्याच्या वर जात नाही. लंबपणा गेला की हा हिशेबच मोडतो.

आता चिन्हाचं. त्या पोराचं गणित होतं `−2xy − 2yz − 2zx`. मॅट्रिक्सच्या कर्णावर शून्य, बाकी सगळीकडे −1. आयगेनव्हॅल्यू 1, 1 आणि −2. मेसेजप्रमाणे चिन्ह झाकून त्यानं उत्तर लिहिलं 2. पण `x² + y² + z² = 1` असल्यामुळे ही राशी म्हणजे `1 − (x + y + z)²`. एकातून वर्ग वजा केल्यावर 2 कसे येणार? जास्तीत जास्त 1. सरासरीच्या हिशेबात −2 हा सगळ्यात छोटा आकडा आहे. `(1, 1, 1)/√3` या दिशेला मॅक्सिमम नाही, मिनिमम मिळतो.

“एकाच ठिकाणी” हेही याच उदाहरणात निकालात निघतं. `x + y + z = 0` हे प्रतल गोलाला ज्या वर्तुळात छेदतं, त्या अख्ख्या वर्तुळावर किंमत 1 आहे. मोठी आयगेनव्हॅल्यू एकदाच आली असती तरी `v` आणि `−v` असे दोन बिंदू मिळतातच, कारण राशीला चिन्ह बदललेलं कळत नाही.

चिन्ह झाकायची सवय बहुधा पॉवर मेथडमधून आली असावी, कारण ती खरोखरच चिन्ह बघत नाही. `(1, 0, 0)` पासून मॅट्रिक्सनं गुणत चला: `(0, −1, −1)`, मग `(2, 1, 1)`, मग `(−2, −3, −3)`, मग `(6, 5, 5)`. दिशा `(1, 1, 1)` कडे सरकतेय आणि दर पायरीला चिन्ह उलटतंय. असं उलटायला लागलं की ओळखायचं, आपण ऋण आयगेनव्हॅल्यूच्या मागे लागलोय.

यावर उपाय साधा आहे. एका ओळीतल्या आकड्यांची चिन्हं सोडून बेरीज करा आणि अशी सगळ्यात मोठी बेरीज घ्या. इथे ती 2. ती कर्णावर मिळवली की एकही आयगेनव्हॅल्यू ऋण राहत नाही. गोलावर राशी सगळीकडे सारखी 2 नं वाढते, म्हणून मॅक्सिममची जागा हलत नाही. `(1, 0, 0)` ला नव्या मॅट्रिक्सनं गुणलं की `(2, −1, −1)`, परत गुणलं की त्याची तिप्पट. तीनातून मिळवलेले 2 काढले, राहिला 1. पोरानं तिथंच पेनानं तळहातावर करून बघितलं.

संगणकावर करणाऱ्यांनी एक सांभाळावं. `eigh` ही आज्ञा मॅट्रिक्स सममित आहे का ते तपासत नाही, मुकाट्यानं खालचा त्रिकोणच वाचते. वरची `[[1, 4], [0, 1]]` तशीच दिली तर तिला खाली शून्य दिसतं आणि ती बिनबोभाट 1, 1 सांगते. म्हणून आधी सममित करा:

```python
import numpy as np
A = np.array([[1., 4.], [0., 1.]])
w, V = np.linalg.eigh((A + A.T) / 2)
x = V[:, -1]
print(w[-1], x @ A @ x)
```

`eigh` आयगेनव्हॅल्यू चढत्या क्रमानं देते, म्हणून शेवटची घ्यायची, चिन्हासकट. दोन्ही आकडे 3 आले पाहिजेत. दुसरा मूळ `A` मध्ये बिंदू ठेवून काढलेला आहे, त्यामुळे तो वेगळा आला तर चूक तिथंच पकडली जाते.