क्रूडवर सुपरट्रेंडची लेंग्थ: एका अभिप्रायाला उत्तर

⭐⭐ "क्लासमध्ये सांगतात डिफॉल्ट सेटिंगवर विसंबू नका. मी क्रूड मिनीच्या ५ मिनिटांच्या चार्टवर सुपरट्रेंडची लेंग्थ १० ची ४० केली, मल्टिप्लायर ३ च ठेवला. तरी संध्याकाळी सिग्नल उलटसुलट होऊन स्टॉपलॉस गेले. युट्यूबवर १०, ३ फुकट शिकवतात. फी पाण्यात."

नमस्कार. तुम्ही नेमकी सेटिंग लिहिलीत, त्यामुळे नेमकं उत्तर देता येतंय. क्रूडवर ४० ही लेंग्थ तुमच्या अडचणीत भरच घालते. कशी ते सांगतो.

सुपरट्रेंडची रेषा ATR वर, म्हणजे मागच्या कॅंडलच्या सरासरी चढउतारावर चालते, आणि किती कॅंडल धरायच्या ते लेंग्थ ठरवते. वेल्स वायल्डर यांनी १९७८ मध्ये ATR मांडला तो कमोडिटीच्या रोजच्या चार्टसाठी. रोजच्या चार्टवर लेंग्थ १० म्हणजे दोन आठवड्यांचे व्यवहार. ५ मिनिटांवर तीच लेंग्थ म्हणजे जेमतेम पाऊण-एक तास. त्यातही वायल्डरच्या पद्धतीत जुन्या कॅंडलचं वजन हळूहळू उतरतं. लेंग्थ १० असेल तर ते साधारण सात कॅंडलमध्ये निम्मं होतं, म्हणजे पस्तीस मिनिटांत. ४० असेल तर निम्मं व्हायला सव्वादोन तास लागतात.

आता एमसीएक्सचा दिवस बघा. अमेरिकेच्या उन्हाळी वेळेत सकाळी ९ ते रात्री ११:३०, म्हणजे ५ मिनिटांच्या १७४ कॅंडल. दुपारभर क्रूड मंद असतं आणि साडेसहाच्या सुमारास अमेरिकेतले सौदे जोर धरतात. समजायला सोपं जावं म्हणून धरा, दुपारी कॅंडल ५ रुपयांची आणि संध्याकाळी १५ रुपयांची. साडेसहाला लेंग्थ १० चा ATR ५ च्या आसपास असेल आणि ३ मल्टिप्लायरने रेषा कॅंडलच्या मध्यापासून १५ रुपयांवर. म्हणजे संध्याकाळची एखाद-दुसरी उलटी कॅंडल आली की सिग्नल फिरला.

लेंग्थ ४० ला तरी कालची संध्याकाळ आठवते का? नाही. मधल्या शंभराहून जास्त मंद कॅंडलनी ती पुसून टाकलेली असते. याच आकड्यांनी ATR निघतो साधारण साडेपाच, रेषा १६ रुपयांवर. फायदा एका रुपयाचा. उलट लेंग्थ १० निदान तासाभरात संध्याकाळच्या चालीशी जुळवून घेते, ४० ला ते जमेपर्यंत साडेदहा वाजतात. बुधवारी तर आठ वाजता अमेरिकेचा तेलसाठ्याचा आकडा येतो, म्हणजे रेषा अरुंद असतानाच मोठी कॅंडल अंगावर येते. तुमचे स्टॉपलॉस इथेच गेले असणार.

म्हणून आधी विचारायचं ते हे: मला किती वेळाची चाल लक्षात ठेवायची आहे? ते ठरलं की त्याला कॅंडलच्या मिनिटांनी भागायचं. क्रूडमध्ये मला दोनच मार्ग पटतात. एक, लेंग्थ १० च ठेवा आणि साडेसात-पावणेआठपर्यंतचे सिग्नल घेऊ नका. दुसरा, पूर्ण सत्राची लेंग्थ घ्या, १७४. तेव्हा साडेसहाला ATR सव्वासात-साडेसात मिळतो. पण ३ मल्टिप्लायरने रेषा अजूनही २२ वरच राहते, म्हणून मल्टिप्लायर ५-६ वर न्यावा लागतो. मग स्टॉपलॉस चाळीसेक रुपयांचा होतो. क्रूड मिनीत १० बॅरल, म्हणजे लॉटमागे चारशे-साडेचारशे रुपये. ते खिशाला झेपत नसेल तर दुसरा मार्ग सोडून द्या, लेंग्थ खाली ओढून स्टॉपलॉस लहान करू नका.

हेच १७४ निफ्टीवर नेलंत तर फसाल. एनएसईचं सत्र ३७५ मिनिटांचं, १५ मिनिटांच्या चार्टवर २५ कॅंडलचं. तिथे सकाळच्या गॅपने ATR फुगतो आणि रेषा उगाच लांब जाते, म्हणजे त्रास उलट दिशेचा. एका तासाच्या चार्टवर तर शेवटची कॅंडल फक्त पंधरा मिनिटांची असते, आणि इंडिकेटर तिला पूर्ण तासाइतकंच मोजतो.

आकडा ठरला की त्याचे शेजारी तपासा. १७४ ला जे दिसतं ते १५० आणि २०० लाही जवळपास तसंच दिसायला हवं. फक्त एकाच आकड्यावर नफा आणि आजूबाजूला तोटा असेल तर तो योगायोग आहे, त्यावर पैसे लावू नका. ज्या महिन्यांवर आकडा निवडला ते सोडून वेगळ्या महिन्यांवर बघा, ब्रोकरेज आणि कर वजा करून. तेलसाठ्याच्या कॅंडलवर मात्र कुठलीच लेंग्थ वाचवत नाही, बुधवारी त्या वेळी पोझिशनच नको.

तुमच्या त्या दिवसांचे चार्ट आणि कॉन्ट्रॅक्ट नोट घेऊन शनिवारी क्लासवर या. वेगळी फी नाही. १०, ४० आणि १७४ तिन्ही रेषा एकाच चार्टवर लावून तुमचा प्रत्येक सौदा बघू.