दुपारी तीनचं पाणी आणि ‘मानवी चूक’

“मर्यादांमध्ये मानवी चूक, उपकरणांची अचूकता आणि वेळेचा अभाव लिहा. पुढील कामात जास्त नमुने आणि आधुनिक उपकरणे लिहा. कुठल्याही प्रकल्पाला चालतं. जास्त मर्यादा लिहिल्या की मार्क कापतात.”

हा मेसेज कोल्हापुरातल्या कॉलेजच्या ग्रुपांवरून फिरत माझ्या पुतणीपर्यंत आला आणि तिनं तो प्रकल्पाच्या अहवालात जसाच्या तसा उतरवला. म्हणून हे लिहितोय.

तिचा प्रकल्प पंचगंगेच्या पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचा, पद्धत विंकलरची, म्हणजे थायोसल्फेटनं टायट्रेशन करून ऑक्सिजन मोजायची. घाटावरचे सगळे नमुने दुपारी तीनच्या सुमारास घेतलेले. सरासरी आली लिटरला ६.२ मिलिग्रॅम. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आंघोळीच्या पाण्यासाठीचा निकष किमान ५ आहे, म्हणून ‘ऑक्सिजन पुरेसा’ असा निष्कर्ष.

आधी मानवी चूक. मापनातल्या अनिश्चिततेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका, जिला ‘गम’ म्हणतात, स्पष्ट सांगते की नोंद घेताना झालेले घोटाळे अनिश्चिततेच्या हिशेबात येत नाहीत. आकडा चुकीचा लिहिला असेल तर तो दुरुस्त करा, नाहीतर टायट्रेशन पुन्हा करा. ती मर्यादा नव्हे.

उपकरणांचं म्हणाल तर २०० मिली नमुन्याला ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट वापरलं की १ मिली म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम. ब्युरेट ०.१ मिलीनं चुकलं तरी ६.२ चे ६.१ होतील. निष्कर्ष तसाच राहतो.

निष्कर्ष हलतो तो घड्याळामुळे. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वसन चालूच राहतं, म्हणून सूर्योदयाच्या आसपास ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. संथ, शेवाळलेल्या पाण्यात हा फरक कित्येक मिलिग्रॅमचा असू शकतो. तेव्हा मर्यादांचा परिच्छेद असा हवा:

“सर्व नमुने दुपारी घेतले. या वेळी प्रकाशसंश्लेषणामुळे ऑक्सिजन वाढलेला असतो, त्यामुळे ही सरासरी दिवसभराच्या सरासरीपेक्षा जास्त असण्याची शक्यता आहे. पहाटेचे प्रमाण मोजलेले नाही. म्हणून पाणी चोवीस तास निकषात बसते, असे या प्रयोगावरून म्हणता येत नाही.”

काय केलं, आकडा कुठल्या बाजूला झुकला, कुठला निष्कर्ष टिकत नाही, हे तिन्ही त्यात आलं. यावर मार्क कापले जातील ही भीती सोडा. ‘कुठली मानवी चूक?’ असं तोंडी परीक्षेत विचारलं तर काय सांगणार?

जास्त नमुन्यांत अर्धं तथ्य आहे, तेवढं मान्य. आकड्यांतला विखुरलेपणा त्यानं कमी होतो. पण दुपारचेच पन्नास नमुने घेतले तर झुकाव तेवढाच राहणार. महागडं मीटरही दुपारी तीनला त्याच पाण्याचा आकडा दाखवणार.

पुढच्या कामात हे लिहावं: त्याच घाटावर, सलग तीन दिवस, सूर्योदयापूर्वी आणि दुपारी तीनला नमुने घ्यायचे. बाटली बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड काठावरच घालायचं, पाण्याचं तापमान नोंदवायचं. बाटल्या, रसायनं, ब्युरेट सगळं कॉलेजात आहे. पहाटेचा आकडा ५ च्या खाली आला तर निष्कर्ष बदलायचा. वर राहिला तर ‘या तीन दिवसांत’ एवढं जोडून तो कायम ठेवायचा.